एका शब्दाचे उत्तर

पुणे जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी श्रीसंघाचे स्थानक आहे. इमारत चाळीस वर्षांची. मागील पावसाळ्यात प्रवचन सभागृहाच्या छतातून तीन ठिकाणी पाणी ठिबकू लागले आणि पर्युषणातील दोन दिवस श्रावकांना बादल्या टाळून बैठक मांडावी लागली. यंदा साध्वीजींच्या ठाणा ५ चा चातुर्मास निश्चित झाल्याने गच्चीचे काम उन्हाळ्यातच उरकावे, असे संघाने ठरविले. चिटणीसांनी तीन कंत्राटदारांची दरपत्रके मागविली आणि २४ एप्रिल रोजी अध्यक्षांना ई-मेल पाठविला. संघाच्या नियमानुसार दोन लाखांवरील खर्चास अध्यक्षांची लेखी मंजुरी लागते. अध्यक्ष उद्योजक असून महिन्यातील निम्मे दिवस परगावी असतात आणि बहुतेक टपाल फोनवरच वाचतात.

त्या ई-मेलचा विषय होता, ‘गच्चीसंदर्भात’. मजकूर दीड पानांचा होता. आरंभी इमारतीचा इतिहास, पुढे मागील वर्षीच्या गळतीचे वर्णन, त्यानंतर तिन्ही दरपत्रकांतील फरक आणि अखेरीस हे वाक्य : ‘तरी या विषयी आपले विचार कळवावेत, ही विनंती.’ तिसऱ्या दिवशी उत्तर आले, ‘वाचले. भेटीत बोलू.’ भेट झालीच नाही. मे उजाडला, तेव्हा चिटणीसांच्या हाती निर्णय नव्हता आणि दिवसही फारसे उरले नव्हते.

अध्यक्षांकडे उदासीनतेचा दोष जात नाही. त्यांना विचार विचारले गेले होते आणि विचार सवडीने करावयाचे असतात. होय किंवा नाही म्हणता येईल असा प्रश्न त्या दीड पानांत कोठेही नव्हता.

बँकेतील वा सरकारी कचेरीतील टिपणीच्या सवयीतून ही चूक बहुधा घडते. टिपणीत आधी पार्श्वभूमी, मग तपशील, मग शिफारस आणि सर्वांत शेवटी ‘मंजुरीसाठी सादर’ असा क्रम असे. तो योग्यही होता, कारण वरिष्ठ अधिकारी कागद हाती घेऊन खालपर्यंत येई आणि जेथे मजकूर संपे तेथेच त्याची सही होई. फोनवर ती जागा बदलली आहे. तेथे विषयाचे पहिले काही शब्द आणि मजकुराच्या एक-दोन ओळी एवढेच प्रथम दिसते. वाचणारा त्यावरूनच ठरवितो की आता उघडावे की रात्री पाहावे. म्हणून टिपणीतील शेवटचे वाक्य ई-मेलमध्ये पहिले व्हावे लागते.

परंतु केवळ वाक्य वर आणल्याने काम भागत नाही. ‘तीनपैकी कोणते दरपत्रक स्वीकारावे?’ हा प्रश्न पहिल्या ओळीत लिहिला, तरी त्याचे उत्तर होय-नाहीत येत नाही. ते देण्यासाठी अध्यक्षांना तिन्ही दरपत्रके उघडून तुलना करावी लागेल, म्हणजे चिटणीसांचे काम अध्यक्षांनी करावयाचे. होय-नाहीचा प्रश्न विचारण्याचा अधिकार, ज्याने स्वतःची शिफारस आधी निश्चित केली आहे, त्यालाच मिळतो. चिटणीसांना हे उमगल्यावर त्यांनी लेखणी बाजूला ठेवून प्रथम बांधकाम समितीची बैठक बोलाविली.

गच्चीचे क्षेत्रफळ ३,२०० चौरस फूट. पहिल्या कंत्राटदाराने जुना कोबा काढून विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा घालण्याचा दर चौरस फुटास १४५ रुपये दिला होता. ही रक्कम ४,६४,००० रुपये आणि १८ टक्के जीएसटी धरून ५,४७,५२० रुपये होते. हमी दहा वर्षांची. दुसऱ्याचा दर याच कामासाठी १६० रुपये होता. तिसऱ्याने कोबा न काढता वरून रासायनिक लेप देण्याचा दर ८० रुपये सांगितला होता. जीएसटीसह ३,०२,०८० रुपये, हमी तीन वर्षांची. समितीने पहिल्याची निवड केली, कारण जुना कोबा जागोजागी पोकळ वाजत होता आणि पोकळ थरावरील लेप टिकत नाही.

मग मुदतीचा हिशोब. जुना थर काढणे, नवा घालणे, त्यावर आठवडाभर पाणी मारणे आणि शेवटी गच्चीत पाणी साठवून ७२ तास चाचणी घेणे, यास १८ दिवस लागणार होते. पाऊस जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येतो. १३ मे रोजी काम सुरू झाले तर ३० मेपर्यंत संपते आणि हाताशी काही दिवस उरतात. माणसे व साहित्य जमविण्यास दोन दिवस धरले, म्हणजे निर्णय १० मे रोजी सायंकाळपर्यंत हवा. एकदा पाऊस लागला की गच्चीवर शेवाळ धरते. ते अनंतकाय. ते खरवडून काम करणे श्रावकास रुचणारे नाही, त्यामुळे काम पुढील उन्हाळ्यापर्यंत आपोआप लांबते. ही तारीख अशी मागे मोजत काढलेली होती, म्हणून ती सांगताना चिटणीसांना संकोच वाटला नाही. ‘तातडीचे’ असे नुसते लिहून घाई दाखविणाऱ्याची खोटी मुदत एकदा उघडी पडली की पुढची खरी मुदतही वरिष्ठ गंभीरपणे घेत नाहीत.

६ मे रोजी गेलेला ई-मेल असा होता. जुन्या पत्रव्यवहाराच्या शेपटीला न जोडता तो स्वतंत्र पाठविला, अन्यथा विषयाच्या जागी पुन्हा ‘गच्चीसंदर्भात’ हेच दिसले असते.

विषय : निर्णय हवा, १० मेपर्यंत – स्थानक गच्ची, रु. ५,४७,५२०

आदरणीय अध्यक्षसाहेब, सविनय जय जिनेंद्र.

स्थानकाच्या गच्चीचे वॉटरप्रूफिंग जीएसटीसह रु. ५,४७,५२० मध्ये करून घेण्यास आपली मंजुरी आहे का? कृपया ‘मंजूर’ किंवा ‘नामंजूर’ एवढा एकच शब्द १० मे सायंकाळपर्यंत कळवावा.

बांधकाम समिती व खजिनदार यांची शिफारस आहे. इमारत दुरुस्ती निधीत रु. ७,१०,००० शिल्लक आहेत. काम १३ मे रोजी सुरू झाल्यास पावसापूर्वी पूर्ण होते.

रु. ३,०२,०८० चा स्वस्त पर्याय उपलब्ध आहे. जुना कोबा पोकळ असल्याने समितीने तो नाकारला. समितीतील एका सदस्यांचे मत मात्र त्याच पर्यायाच्या बाजूने आहे.

आपण नामंजूर केल्यास काम यंदा होणार नाही आणि चातुर्मासातील प्रवचनांसाठी दुसरे सभागृह पाहावे लागेल. १० मेपर्यंत उत्तर न आल्यासही तसेच समजून पुढील व्यवस्था करू.

दरपत्रके सोबत आहेत. निर्णयासाठी ती उघडण्याची आवश्यकता नाही.

आपला,
चिटणीस

यातील दोन-तीन गोष्टी थांबून पाहण्यासारख्या आहेत. विरोधी मताच्या सदस्याचा उल्लेख गाळला असता तर पत्र आणखी आटोपशीर झाले असते. पण तीच गोष्ट अध्यक्षांना पुढे विवाहसमारंभात कोणी कानात सांगितली असती, तर मंजुरी परत घेतली गेली नसती तरी चिटणीसांच्या पुढील प्रत्येक पत्रातील प्रत्येक ओळ अध्यक्षांनी तपासून पाहिली असती. कमी वाचायला देणे म्हणजे वाचणाऱ्याने पाठविणाऱ्यावर विश्वास टाकणे होय. म्हणून प्रस्तावाच्या विरुद्ध जाणारी सर्वांत मोठी गोष्ट त्या मोजक्या ओळींत आलीच पाहिजे.

उत्तर न आल्यास काय समजावे, हाही विचार करण्याचा भाग आहे. खासगी व्यापारात ‘उत्तर न आल्यास संमती गृहीत धरू’ असे लिहिणारे पुष्कळ असतात आणि किरकोळ बाबींत ते खपूनही जाते. धर्मादाय निधीच्या बाबतीत ही वाट धरू नये. लेखापरीक्षक लेखी मंजुरी मागतो आणि मौन फाइलीत लावता येत नाही. येथे मौनाचा अर्थ ‘खर्च नाही’ असाच ठेवला, हे उचित झाले. त्यामुळे मौनाची किंमतही अध्यक्षांसमोर आपोआप मांडली गेली.

आणि शब्द. पहिल्या मसुद्यात चिटणीसांनी ‘काम सुरू करण्यास आपली काही हरकत नाही ना?’ असे लिहिले होते. विनयशील भाषा खरी, पण याला ‘नाही’ असे उत्तर आले तर ती संमती आणि ‘हो’ आले तर काय, हे सांगणे कठीण. ‘ओके’ आले तर वाचले की मान्य केले, तेही कळत नाही. उत्तराचे दोन शब्द आपणच पुरविले की हा घोळ उरत नाही. त्याच मसुद्यात ‘गच्चीचे काम आणि सभागृहातील पंखे बदलणे यांस मंजुरी द्यावी’ असेही होते. दोन प्रश्नांना एक ‘मंजूर’ आले असते, तर ते गच्चीला की पंख्यांना? पंखे वगळले. त्यांच्यासाठी वेगळा ई-मेल पुढे जूनमध्ये गेला.

इतर विश्वस्तांना प्रती पाठविण्याचा मोहही आवरला गेला. नऊ जणांना प्रत गेली की नऊ जणांना मत सुचते आणि अध्यक्ष त्या चर्चेचा शेवट होण्याची वाट पाहत बसतात. त्यांची मते आधी घेऊन मजकुरात एका वाक्यात नमूद करणे बरे.

सर्वच प्रश्न या साच्यात बसत नाहीत. जुन्या पुजाऱ्यास वा व्यवस्थापकास कमी करावे का, दोन कुटुंबांतील वादात संघाने कोणती भूमिका घ्यावी, अशा विषयांवर एका शब्दाचे उत्तर मागणे हा वरिष्ठांवर अन्याय आहे. तेथे मागावयाचेच असेल तर अर्ध्या तासाची भेट मागावी. ‘गुरुवारी सायंकाळी सहा वाजता येऊ का?’ याचे उत्तर निश्चित होय-नाहीत येते.

ई-मेल सकाळी पावणेआठला गेला, कारण सामायिक आटोपून अध्यक्ष त्या सुमारास फोन पाहतात, हे चिटणीसांना ठाऊक होते. साडेआठला उत्तर आले : ‘मंजूर. आगाऊ ३० टक्के नको, २० द्या.’ एक शब्द मागितला होता, अट जोडून आली. असे बरेचदा घडते आणि अशी मंजुरी अट पूर्ण होईपर्यंत अपुरी समजावी. कंत्राटदाराशी बोलणे झाले, तो २५ टक्क्यांखाली येईना. त्याच दुपारी दुसरा ई-मेल गेला, मजकूर एका ओळीचा : ‘आगाऊ २० ऐवजी २५ टक्के, म्हणजे रु. १,३६,८८० देण्यास मंजुरी आहे का? कंत्राटदार त्याखाली येत नाही.’ यास ‘मंजूर’ एवढेच उत्तर आले.

दोन्ही ई-मेल उत्तरांसह छापून चिटणीसांनी दरपत्रकांच्या फाइलीत वरच्या बाजूस लावले आणि पुढील बैठकीच्या इतिवृत्तात त्यांची नोंद केली. १३ मे रोजी सकाळी कोबा फोडण्यास सुरुवात झाली.