डावा अधिक उजवा बरोबर शून्य

गेल्या गणेशोत्सवात आमच्या सोसायटीतल्या मुलांनी अर्ध्या तासाचं नाटुकलं बसवलं होतं. माझ्या भाच्याने ते कॅमेऱ्यावर टिपलं, लॅपटॉपवर काटछाट केली, सुरुवातीला आणि प्रसंगांच्या मध्ये संगीत घातलं आणि व्हिडिओ सगळ्यांना पाठवला. तासाभरात फोन सुरू झाले. संगीत ऐकू येतंय, मुलं नुसतीच तोंड हलवतायत! भाचा चक्रावला. "मामा, माझ्या हेडफोनवर स्वच्छ येतंय. मूळ फाइलही लावून पाहिली, तीही ठीक आहे."

त्याचं म्हणणं खरं होतं, आणि फोन करणाऱ्यांचंही. मी व्हिडिओ हेडफोनवर लावला, संवाद आले. हेडफोन काढला, मोबाईलच्या स्पीकरवर तोच व्हिडिओ लावला, संवाद गेले. म्हणजे फाइलमध्ये आवाज होता. ऐकणाऱ्यापर्यंत पोचता पोचता तो नाहीसा होत होता.

चूक झाली होती एका वायरमुळे. मुलांच्या माइकचा आवाज आधी मिक्सरवर येत होता आणि तिथून एका केबलने कॅमेऱ्यात जात होता. मिक्सरच्या मोठ्या, तीन पिनांच्या सॉकेटमधून आवाज एकाच तारेवरून बाहेर पडत नाही. एका पिनवर अर्थ असते, दुसरीवर आवाज असतो आणि तिसरीवर तोच आवाज, पण उलटा. पहिल्या तारेवर लहर वर चढते त्या क्षणी दुसऱ्या तारेवर ती तेवढीच खाली उतरते. असं मुद्दाम करतात. लांब केबलमध्ये वाटेत शिरणारी खरखर दोन्ही तारांवर सारखीच येते. पलीकडचं यंत्र दोन तारांतला फरक घेतं, त्यामुळे सारखी असलेली खरखर वजा होते आणि उलटसुलट असलेला आवाज दुप्पट होऊन मिळतो.

कॅमेऱ्याच्या छोट्या माइक सॉकेटलाही तीनच जोड असतात, पण त्यांचा अर्थ वेगळा आहे: डावा, उजवा आणि अर्थ. भाच्याने बाजारातून एका टोकाला मोठी पिन आणि दुसऱ्या टोकाला छोटी अशी तयार केबल आणली. ती व्यवस्थित बसली. फक्त सुलटा आवाज डाव्या बाजूला गेला आणि उलटा उजव्या बाजूला. कॅमेऱ्याला हे दोन वेगळे स्टीरिओ आवाज वाटले आणि त्याने ते तसेच टिपले. बाहेरचा माइक लावला की बहुतेक कॅमेऱ्यांचा आतला माइक बंद होतो, त्यामुळे आसपासचा आवाजही सोबतीला उरला नाही.

हेडफोनवर हे कळत का नाही? कारण तिथे डावा आवाज डाव्या कानात आणि उजवा उजव्या कानात जातो, दोघांची गाठ पडत नाही. मोबाईलच्या एकाच स्पीकरला मात्र दोन्ही बाजू मिसळूनच वाजवाव्या लागतात. एखाद्या क्षणी डावीकडे अधिक ०.४ असेल तर उजवीकडे उणे ०.४ असतं. बेरीज शून्य. पुढच्या क्षणी अधिक ०.१ आणि उणे ०.१, पुन्हा शून्य. सेकंदाला ४८ हजार वेळा हेच घडतं आणि संवाद पुसले जातात. संगीत नंतर वेगळ्या फाइलमधून घातलेलं होतं, त्याच्या दोन बाजू अशा उलट्या नव्हत्या, म्हणून ते शाबूत राहिलं.

काही जणांची तक्रार जराशी वेगळी होती. त्यांना आवाज येत होता, पण पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडत. मूळ एकच आहे. व्हिडिओ तयार करताना आणि पाठवताना आवाज दाबून लहान केला जातो, आणि त्यात डावी-उजवी बाजू एकमेकींच्या तंतोतंत उलट राहतीलच असं नाही. मग बेरीज शून्य न होता थोडा चोथा उरतो, तोच कानावर येतो. दोन स्पीकरांच्या फोनवर आवाज पूर्ण जात नाही, पण त्यातला भरीवपणा जाऊन तो पोकळ होतो.

हा दोष ओळखायला यंत्र लागत नाही. हेडफोनवर नेहमीचा संवाद डोक्याच्या मधोमध ऐकू येतो. असा उलटसुलट आवाज मध्यभागी थांबत नाही, दोन्ही कानांच्या बाहेर पसरतो आणि जरा दडपल्यासारखं वाटतं. शंका आली की संपादनाच्या प्रोग्राममध्ये एक बाजू बंद करून मोबाईलवर ऐकावं. आवाज लगेच परत आला, तर दुखणं हेच. आवाजाची आकृती मोठी करून पाहिली तरी दिसतं: वरच्या पट्टीत जिथे डोंगर, तिथेच खालच्या पट्टीत दरी, पाण्यातल्या प्रतिबिंबासारखी.

उपाय दोन मिनिटांचा आहे. संवादाच्या क्लिपची एकच बाजू ठेवायची आणि तीच दोन्हीकडे वाजवायची. प्रीमिअरमध्ये त्यासाठी `Fill Right with Left` नावाचा इफेक्ट आहे. ऑडॅसिटीमध्ये दोन बाजू वेगळ्या करून एक पुसता येते. एफएफएमपेग वापरणाऱ्यांना एक ओळ पुरते:

```
ffmpeg -i natak.mp4 -c:v copy -af "pan=mono|c0=c0" natak_mono.mp4
```

चित्राला हात न लावता ही आज्ञा फक्त डावी बाजू ठेवते. मूळ क्लिप हरवली असेल आणि हातात तयार व्हिडिओच उरला असेल तरी ती चालते, फक्त संगीताचीही डावीच बाजू राहते. तिथे उजवी बाजू उलटी करण्याचा मोह मात्र टाळावा. संवाद जुळतील, पण मग संगीत उलटं होऊन मोबाईलवर तेच नाहीसं होईल.

प्रत्येक मुका व्हिडिओ याच कारणाने मुका होत नाही. संपादनाच्या प्रोग्राममध्ये घेतल्या घेतल्याच क्लिपची आवाजाची पट्टी रिकामी दिसत असेल, तर फाइलमधला आवाज ज्या पद्धतीने बांधलाय ती त्या प्रोग्रामला उलगडता येत नसते. व्हीएलसीसारखा प्लेअर अशा बहुतेक पद्धती स्वतःजवळ बाळगतो, म्हणून तिथे फाइल सुरळीत वाजते. अशा वेळी आवाज साध्या डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये बदलून घ्यावा. आणि संवाद सुरू असताना संगीत आलं की आवाज फाटत असेल, तर ती पुन्हा बेरीजच, पण दुसऱ्या टोकाची. संवादाचं शिखर ०.७ आणि संगीताचं ०.६ एकाच क्षणी आलं की १.३ होतात. तयार फाइलची मर्यादा १ आहे, वरचा भाग कापला जातो आणि कर्कश होतो. मीटर लाल होत असेल तर संगीत खाली आणायचं.

भाच्याने केबल बदलली नाही, डावी बाजू घेऊन व्हिडिओ पुन्हा पाठवला. यंदाच्या तालमीला मात्र त्याने एक मिनिट टिपलं, हेडफोन बाजूला ठेवला आणि ते आधी आजीच्या फोनवर लावलं. त्या फोनला एकच स्पीकर आहे.