कमी दर देऊनही निविदा बाद? आधी उत्तरांचा क्रम तपासा

दोन लिफाफा पद्धतीत आधी तांत्रिक लिफाफा उघडतो. त्यात अपात्र ठरल्यास दराचा लिफाफा उघडलाच जात नाही.

समजा, नगरपालिकेच्या पंप बसवण्याच्या कामात अट 4.2 आहे : ‘मागील 3 वर्षांत समान स्वरूपाची किमान 2 कामे पूर्ण केलेली असावीत’. ठेकेदार लिहितो, ‘आम्हाला दांडगा अनुभव आहे’. तपासणाऱ्याला यात ना वर्षे सापडतात, ना कामांची संख्या.

त्याऐवजी 4.2 हाच क्रमांक टाकून अट जशीच्या तशी उतरवा. खाली लिहा : ‘मागील 3 वर्षांत समान स्वरूपाची 2 कामे पूर्ण केली आहेत, दाखले पान 17 व 18’.

शुद्धिपत्रकाने अट बदलली असेल, तर नवेच शब्द घ्या. शेवटी पान क्रमांक पुन्हा जुळवा. मध्ये एक कागद वाढला, तरी पुढचे सगळे संदर्भ चुकतात.