विश्लेषण : डोक्यापासून पायापर्यंत दिसायला आरसा किती उंच हवा?

घरासाठी आरसा घेताना अनेक जण आपल्या उंचीएवढा आरसा शोधतात. प्रत्यक्षात निम्म्या उंचीचा आरसा पुरतो. मात्र तो भिंतीवर योग्य ठिकाणी लावावा लागतो.

निम्मी उंची का पुरते?

आरशावर किरण ज्या कोनात पडतो, त्याच कोनात परत फिरतो. १६० सेंमी उंचीची एक व्यक्ती घ्या. तिचे डोळे जमिनीपासून १५० सेंमीवर आहेत. पावलांकडून निघालेला किरण आरशावर आदळून डोळ्यांत येतो. दोन्ही कोन समान असल्याने तो पावले आणि डोळे यांच्या बरोबर मध्यावर, म्हणजे ७५ सेंमीवर आदळतो. त्याखालचा आरसा या व्यक्तीला पावले पाहण्यासाठी लागतच नाही. डोक्याच्या टोकाकडून येणारा किरण १५० आणि १६० यांच्या मध्यावर, १५५ सेंमीवर आदळतो. म्हणजे ७५ ते १५५ एवढाच, ८० सेंमीचा आरसा पुरेसा.

मागे सरकल्यास जास्त दिसते का?

सपाट उभ्या आरशात नाही. तुम्ही एक पाऊल मागे गेलात की प्रतिबिंबही आरशाच्या आत तेवढेच मागे जाते. किरण आदळण्याची जागा मध्यावरच राहते. ६० सेंमीचा आरसा ९५ ते १५५ सेंमीदरम्यान लावला, तर याच व्यक्तीला जमिनीपासून ४० सेंमीपर्यंतचेच शरीर दिसेल. गुडघ्याखालचा भाग कितीही मागे गेले तरी दिसणार नाही.

घरात सगळ्यांसाठी एकच आरसा असेल तर?

इथे निम्म्याचा हिशेब अपुरा पडतो. १८० सेंमी उंचीच्या वडिलांचे डोळे १६८ सेंमीवर असतील, तर त्यांना ८४ ते १७४ सेंमीदरम्यान आरसा हवा. १२० सेंमी उंचीच्या मुलीचे डोळे ११० सेंमीवर असतील, तर तिला ५५ ते ११५. दोघांनाही पूर्ण दिसायचे तर आरसा ५५ पासून १७४ पर्यंत, म्हणजे ११९ सेंमीचा लागेल. खालची कड सर्वांत बुटक्या व्यक्तीवरून ठरते, वरची सर्वांत उंच व्यक्तीवरून.

हिशेब कुठे चुकतो?

आरसा भिंतीला टेकवून तिरका ठेवला, तर किरणांची दिशा बदलते आणि अंतरालाही महत्त्व येते. खिळ्याला टांगलेला आरसा वरून पुढे झुकला, तरी तेच होते. म्हणून आधी आरसा भिंतीला समांतर आहे ना, हे पाहावे.

खरेदीपूर्वी जमिनीपासून डोळ्यांपर्यंतची उंची मोजा. तिची निम्मी म्हणजे आरशाची खालची कड. डोळे आणि डोक्याचे टोक यांचा मध्य म्हणजे वरची कड. अंबाडा किंवा टोपीही दिसायला हवी असेल, तर मोजमाप तिच्या टोकापासून घ्या.