सहा टक्के, पण कशाचे?

घर बांधून पूर्ण होतं, रंगाचा वास अजून गेलेला नसतो, आणि आर्किटेक्टचं शेवटचं बिल येतं. बिलाचा आकडा सुरुवातीला ठरलेल्या फीपेक्षा बराच मोठा असतो. मालकाला वाटतं, आपल्याला फसवलं. आर्किटेक्टला वाटतं, आपण केलेल्या कामाचेच पैसे मागतोय. पुष्कळदा दोघांचंही थोडं थोडं बरोबर असतं, म्हणूनच हा वाद फोनवर मिटत नाही. त्यासाठी पत्र लिहावं लागतं, आणि लिहिण्याआधी बिल सुटं करून बघावं लागतं.

समजण्यासाठी एक नमुन्याचं उदाहरण घेऊ. साताऱ्याच्या बाजूला एका शिक्षक दांपत्यानं बंगला बांधायला काढला. आर्किटेक्टनं एका पानाचं कोटेशन दिलं: फी प्रत्यक्ष बांधकाम खर्चाच्या 6 टक्के, खर्चाचा अंदाज 40 लाख, म्हणून फी सुमारे 2,40,000 रुपये, जीएसटी वेगळा, साइटवर 12 फेऱ्या धरलेल्या, पुढच्या प्रत्येक फेरीला 2,000 रुपये. दांपत्यानं लक्षात ठेवला तो 2,40,000 हा आकडा. टप्प्याटप्प्यानं त्यांनी 2,10,000 रुपये आणि त्यावरचा 18 टक्के जीएसटी असे एकूण 2,47,800 रुपये दिले. आता जीएसटीसह आणखी 35,400 दिले की व्यवहार संपला, असा त्यांचा हिशेब होता. शेवटच्या बिलात बाकी निघाली 1,82,310 रुपये.

बिलात चार ओळी होत्या. बांधकाम खर्च 52 लाख, त्याचे 6 टक्के म्हणजे 3,12,000. जादा फेऱ्या 9, त्यांचे 18,000. नकाशांतील फेरफार 25,000. छपाई व किरकोळ 9,500. बेरीज 3,64,500, त्यावर जीएसटी 65,610, आणि आधी मिळालेली रक्कम वजा.

सगळ्या वादाचं मूळ पहिल्या ओळीत आहे. टक्केवारीची फी हा ठरलेला आकडा नसतो. ती कशाची तरी टक्केवारी असते, आणि ते 'कशाची' कामाच्या शेवटीच कळतं. कोटेशनमध्ये 'प्रत्यक्ष खर्च' असं लिहिलं असेल, तर सिमेंट-सळीचा भाव वाढला की फीही वाढते. मालकाला हे टोचतं, आणि माझ्या मते ते टोचणं रास्त आहे. सळी महागली म्हणून आर्किटेक्टचं काम काही वाढत नाही. पण सही करताना जे मान्य केलं ते शेवटी नाकारता येत नाही. कोटेशनमध्ये 'अंदाजित खर्चाच्या 6 टक्के' असं असतं तर मात्र गोष्ट वेगळी झाली असती. तेव्हा भाववाढीवरची फी मागायला आर्किटेक्टजवळ आधार उरला नसता. म्हणून पहिलं काम म्हणजे जुनं कोटेशन शोधून ते एक वाक्य पुन्हा वाचणं.

त्यानंतर 52 लाखांची फोड करायची. आपल्या उदाहरणात वरचे 12 लाख असे गेले होते: भाववाढ 4 लाख, मालकांनीच मध्येच सांगितलेली गच्चीवरची खोली साडेतीन लाख, बाईंना आवडल्या म्हणून घेतलेल्या भारी फरश्यांचे जादा दीड लाख, बोअरवेल 1 लाख, छतावरचं सोलर 2 लाख. भाववाढीची फी कोटेशननुसार देणं आलं. खोलीचीही आलीच, कारण ती मालकांनी मागितली आणि आर्किटेक्टनं काढून दिली. कुणाच्या सांगण्यावरून केलेलं, फुकट करण्याचा इरादा नसलेलं काम आपण वापरलं, तर त्याचा मोबदला द्यावा लागतो, असं 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 70 सांगतं; लेखी ठराव नव्हता एवढ्यावर सुटका होत नाही. फरश्यांवर भांडण करता येईल, पण त्या बांधकामातच बसल्या आहेत आणि रक्कम 9,000 ची आहे, तेव्हा तो मुद्दा सोडून द्यावा. बोअरवेल आणि सोलरचं मात्र तसं नाही. बोअर मारणाऱ्याला आणि सोलरवाल्याला मालकांनी परस्पर बोलावलं, आर्किटेक्टनं त्यांचा एक नकाशाही काढला नाही. त्या 3 लाखांवरचे 18,000 रुपये बिलातून निघायला हवेत.

फेऱ्यांची ओळ तपासायला सोपी असते, कारण साइटवर बहुधा एक वही असते. आर्किटेक्ट कोणत्या तारखेला आले आणि काय सूचना दिली, हे त्यात लिहिलेलं असतं, निदान लिहिलेलं असायला हवं. वही नसेल तर ठेकेदाराचे व्हॉट्सॲप मेसेज बघायचे. इथे 9 पैकी 3 फेऱ्या जिन्याच्या तुळईची उंची नकाशात चुकली होती ती निस्तरण्यासाठी झाल्या होत्या. स्वतःच्या नकाशातली चूक सुधारायला येणं हे कामाचाच भाग आहे. त्याचे पैसे मालकानं का द्यावेत?

फेरफाराच्या 25,000 मध्ये तर दोनदा आकारणी लपलेली आहे. त्यातले 10,000 स्वयंपाकघर हलवल्याचे. पालिकेची मंजुरी झाल्यावर मालकांनी ओटा पूर्वेला घ्यायचं ठरवलं होतं, तेव्हा ते द्यायलाच हवेत. उरलेले 15,000 गच्चीवरच्या खोलीच्या नकाशाचे आहेत, आणि त्या खोलीची 6 टक्के फी पहिल्या ओळीत आधीच लावून झाली आहे. टक्केवारीच्या बिलात ही चूक फार वेळा होते आणि ती नेहमी लबाडीतून होते असंही नाही. ऑफिसात नकाशे काढणारा एक नोंद ठेवतो, हिशेब लिहिणारा दुसरी, आणि शेवटी दोन्ही बिलात येतात.

एवढं झाल्यावर पत्र लिहायला बसायचं. पत्रात राग नको आणि माफीही नको. 'आपल्यासारख्या सुशिक्षित माणसानं' अशी सुरुवात झाली की उत्तरही त्याच सुरात येतं. या दांपत्यानं लिहावं ते पत्र साधारण असं असेल:

'स.न.वि.वि. आपले अंतिम बिल मिळाले. घर मनासारखे झाले आहे आणि आपली रास्त फी देण्याबद्दल आमचा प्रश्न नाही. मात्र बिलातील काही रकमा कोटेशनशी जुळत नाहीत, म्हणून पुढील खुलासा हवा आहे. (1) बांधकाम खर्च 52 लाख धरला आहे, त्याची बाबवार फोड कृपया द्यावी. त्यात बोअरवेल व सोलरचे 3 लाख असल्यास ते वगळावेत, कारण ती कामे आपल्याकडे सोपवलेली नव्हती. (2) 9 फेऱ्यांच्या तारखा व कारणे द्यावीत. आमच्या वहीप्रमाणे त्यांपैकी 3 जिन्याच्या नकाशाच्या दुरुस्तीसाठी होत्या. त्या आकारू नयेत. (3) खोलीच्या नकाशाचे 15,000 टक्केवारीत आलेले आहेत, ते वेगळे लावू नयेत. (4) छपाईच्या पावत्या पाठवल्यास ती रक्कम लगेच देऊ. आमच्या हिशेबाने फी 2,94,000, फेऱ्या 12,000 व फेरफार 10,000 मिळून 3,16,000 होतात; जीएसटीसह 3,72,880. दिलेले 2,47,800 वजा जाता 1,25,080 रुपये निघतात. ही रक्कम आज आपल्या खात्यावर पाठवली आहे. उरलेल्या 57,230 रुपयांबद्दल 15 दिवसांत लेखी उत्तर मिळावे. आपल्याला भेटून बोलणे सोयीचे असेल तर आम्ही ऑफिसात येऊ.'

या पत्रात सगळ्यात कामाचं वाक्य आहे ते पैसे पाठवल्याचं. वाद असलेली रक्कम आणि वाद नसलेली रक्कम वेगळी केली, आणि जी मान्य आहे ती दिली, की 'मालक पैसे बुडवतोय' हा आरोप उरत नाही. सगळंच बिल अडवून धरणारा मालक पुढे ग्राहक आयोगात गेला तरी त्याची बाजू लंगडी पडते. रकमेसोबत बँकेच्या शेऱ्यात 'अंतिम बिलापोटी, वादातील रक्कम वगळून' असं लिहावं, म्हणजे पुढे अर्थाचा गोंधळ होत नाही.

जीएसटीकडे एकदा वेगळं बघायला हवं. बिलावर पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक आहे का ते पाहायचं. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा क्रमांक 27 नं सुरू होतो. ज्याची नोंदणीच नाही त्याला जीएसटी वसूल करता येत नाही. पालिकेत तुमच्या नावानं भरलेलं छाननी शुल्क किंवा विकास शुल्क आर्किटेक्टनं तुमच्या वतीनं भरलं असेल, तर पावतीइतकीच रक्कम त्यांनी मागायची. पावती तुमच्या नावाची असताना त्यावर फीसारखा 18 टक्के कर लागत नाही. आणि आर्किटेक्टनं बिल कमी करायचं कबूल केलं तर 'राहू द्या, पुढच्या वेळी बघू' एवढ्यावर थांबू नये, क्रेडिट नोट मागावी. त्यांनी भरलेला कर त्यांना त्याच कागदावर कमी करून घेता येतो, तेव्हा ती देण्यात त्यांचाही फायदा असतो.

पत्र कधी पाठवायचं हा प्रश्नही नाजूक आहे. घरात राहायला भोगवटा प्रमाणपत्र लागतं आणि त्याच्या अर्जासोबत काम पूर्ण झाल्याचा दाखला लागतो, ज्यावर बहुधा त्याच आर्किटेक्टची सही असते. त्यामुळे पुष्कळ मालक सही होईपर्यंत गप्प बसतात आणि नंतर पत्र पाठवतात. हे शहाणपण वरवरचं आहे. बिल येऊन दोन महिने झाल्यावर आलेली तक्रार कुणालाही बनावट वाटते. बिल आलं त्याच आठवड्यात पत्र जावं, आणि दाखल्याची विनंती त्यापासून वेगळ्या पत्रात करावी.

उत्तर आलंच नाही तर काय? आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 वर, तक्रार नोंदवता येते. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोबदला 50 लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथेच जाते. वकिलांच्या सेवा ग्राहक कायद्यात येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं मे 2024 मध्ये ठरवलं. तो निकाल वकिलांपुरता आहे, त्यामुळे आर्किटेक्टच्या ग्राहकाला आयोगाचं दार बंद झालेलं नाही. आर्किटेक्ट वास्तुविद्या परिषदेत नोंदलेले असतील तर गैरवर्तनाची तक्रार परिषदेकडे करता येते. पण एवढ्या तेवढ्या रकमेच्या मतभेदासाठी तिथे जाऊ नये. फीचा हिशेब चुकला म्हणजे गैरवर्तन झालं असं होत नाही.

ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते, आणि नुसत्या पत्रव्यवहारानं ती लांबत नाही. कोटेशन, बिल, साइटची वही, पाठवलेलं पत्र आणि त्याची पोच एवढे कागद तोपर्यंत एका फायलीत ठेवा.