चौदा, पंधरा की सोळा?

लॅपटॉपचे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात, म्हणून नुसता आकडा फसवतो. १५.६ इंची पडदा बहुधा १६:९ प्रमाणाचा, तर नवा १६ इंची १६:१० प्रमाणाचा असतो. दोन्हींची रुंदी सारखीच, साधारण साडेचौतीस सेंटिमीटर. पण सोळा इंचीची उंची दोन सेंटिमीटरने जास्त. त्यामुळे एक्सेलमध्ये काही ओळी अधिक दिसतात.

मग चौदा इंची कशाला? वजनासाठी. मॅकबुक प्रोचेच पाहा: चौदा इंची सुमारे १.६ किलो, सोळा इंची २.१. अर्ध्या किलोचा हा फरक प्रवासात खांद्याला जाणवतो.

घरच्या टेबलावर वेगळा मॉनिटर असेल, तर चौदा इंची घ्यावा. नसेल, तर सोळा. आकड्यांची वेगळी कळपट्टी रोज लागत असेल आणि बजेट बेताचे असेल, तर पंधरा इंची पुरतो.