थकबाकीचं परिपत्रक: आकडे सांगा, दार दाखवू नका

लिफ्टशेजारच्या नोटीस बोर्डावर अधूनमधून एक कागद झळकतो. वर ठळक अक्षरांत ‘थकबाकीदार सभासद’, खाली फ्लॅट क्रमांक, नाव, रक्कम, आणि सर्वांत मोठ्या आकड्याभोवती लाल शाईचं वर्तुळ. सोसायटीची वसुली व्हावी म्हणून सेक्रेटरींनी तो लावलेला असतो. वाचतात मात्र पार्सल घेऊन आलेली मुलं, शिकवणीला येणारी पोरं आणि पाहुणे. ज्याच्याकडून पैसे यायचे, तो त्या दिवसापासून जिना वापरू लागतो किंवा समितीशी भांडण काढतो. पैसे तिथेच राहतात.

या उपायाचं आकर्षण सोसायट्यांपुरतं नाही. पुणे महापालिकेनेही मिळकत कर थकवणाऱ्यांच्या दारात बँड वाजवून पाहिला आहे. पण केरळमध्ये एका सहकारी संस्थेने कर्ज थकवणाऱ्यांची नावं आणि छायाचित्रं फलकावर लावली, तेव्हा डिसेंबर 2024 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ते माणसाच्या सन्मानाला आणि खासगीपणाला बाधा आणणारं ठरवलं. तो खटला गृहनिर्माण संस्थेचा नव्हता आणि महाराष्ट्रातलाही नव्हता. पण फलक छापायला टाकण्याआधी समितीने तो आठवावा.

मग थकबाकी लपवायची का? मुळीच नाही. सोसायटीचा हिशेब सभासदांचाच असतो. वार्षिक सभेपुढे ताळेबंद येतो आणि ठराविक कागदपत्रं पाहण्याचा हक्क कायद्यानेच सभासदाला दिलेला आहे. फरक जागेचा आहे. कार्यालयात बसून खातेवही पाहणारा सभासद वेगळा आणि लिफ्टची वाट पाहणारा अनोळखी माणूस वेगळा. म्हणून कागद दोन हवेत. परिपत्रक सर्वांसाठी, त्यात सोसायटीची स्थिती. नोटीस त्या-त्या सभासदाच्या नावाने, बंद पाकिटात, पोच घेऊन, सोबत त्याचा खातेउतारा.

एक काल्पनिक पण ओळखीचा वाटेल असा हिशेब मांडून पाहू. इमारतीत 40 घरं, दरमहा मेंटेनन्स 3,500 रुपये, म्हणजे महिन्याला 1,40,000 रुपयांची बिलं. सहा घरांचे दोन-दोन महिन्यांचे पैसे राहिलेत: 42,000. दोघांचे आठ आणि दहा महिन्यांचे: 63,000. आणखी दोघांचे चोवीस आणि तीस महिन्यांचे: 1,89,000. व्याज सोडून एकूण 2,94,000 रुपये. म्हणजे सबंध इमारतीची दोन महिन्यांहून थोडी जास्त बिलं अडकली आहेत.

खजिनदाराला इथे मोह होतो तो बारीक तक्ता छापण्याचा: ‘एक वर्षावरील थकबाकी, 2 घरं, 1,89,000’. नाव नाही, फ्लॅट क्रमांक नाही, तरी चाळीस घरांत ती दोन घरं कोणती हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं. त्यात ‘बी विंग, तिसरा मजला’ असं लिहिलं तर नाव लिहिण्याचंही काही उरत नाही. ज्या गटात एक-दोनच घरं उरतात तो गट शेजारच्या गटात मिसळावा. म्हणून तक्त्यात दोनच ओळी पुरतात: तीन महिन्यांपर्यंत 6 घरं, 42,000 रुपये, तीन महिन्यांवर 4 घरं, 2,52,000 रुपये. तीन महिन्यांची रेघ मनाला येईल तशी ओढलेली नाही. आदर्श उपविधीनुसार बिल किंवा नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत पैसे न भरणारा सभासद थकबाकीदार ठरतो. त्याआधी त्याला तो शब्द लावणं चूकच.

आता मजकूर. ‘सर्व सभासदांना शेवटची ताकीद देण्यात येते’ अशी सुरुवात केली की वेळेवर पैसे भरणारी तीस घरं विनाकारण ओरडा खातात. त्यापेक्षा असं लिहिता येईल:

‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की, 30 सप्टेंबरअखेर संस्थेची येणे रक्कम व्याज वगळून 2,94,000 रुपये आहे. 40 पैकी 30 सभासदांची कोणतीही बाकी नाही, त्यांचे आभार. येणे रकमेमुळे पाण्याच्या टाकीचे वॉटरप्रूफिंग पुढे ढकलावे लागले आहे. संबंधित सभासदांना खातेउतारा स्वतंत्रपणे दिला आहे. बिलाबाबत आक्षेप असल्यास 15 ऑक्टोबरपर्यंत लेखी द्यावा. वादात नसलेली रक्कम मात्र भरावी. हप्ते हवे असल्यास त्याच मुदतीत खजिनदारांना भेटावे. 31 ऑक्टोबरनंतर ज्यांची बाकी तीन महिन्यांहून अधिक असेल, त्यांच्याबाबत वसुली दाखल्यासाठी उपनिबंधकांकडे अर्ज करण्याचा ठराव समितीने केला आहे. समितीतील कोणाचीही बाकी नाही.’

शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहायचं. थकबाकीदाराला समितीवर राहता येत नाही, त्यामुळे ते खरं असायलाच हवं. आणि सगळ्या परिपत्रकाला वजन येतं ते याच वाक्याने. बाकी जरब आहे ती तारखांत. ‘कडक कारवाई करण्यात येईल’ हे वाक्य दर तिमाहीला वाचून लोक सरावलेले असतात. कोणत्या दिवसानंतर कोणाकडे कोणता अर्ज जाणार, हे वाचलं की माणूस दखल घेतो.

हा अर्ज महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 154 ब-29 खाली होतो. दाखला मिळाला की थकबाकी वसूल करण्यासाठी जप्तीपर्यंत जाता येतं. थकवणाऱ्याचं पाणी तोडणं या मार्गात कुठेही बसत नाही, म्हणून ती धमकी परिपत्रकात नको. समितीच त्यातून अडचणीत येते.

सर्वांत जास्त भांडणं होतात ती व्याजावरून. आदर्श उपविधीत थकबाकीवर जास्तीत जास्त वर्षाला 21 टक्के आणि तेही सरळव्याज लावण्याची तरतूद आहे. त्या मर्यादेत दर सर्वसाधारण सभा ठरवते. पण हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये मागची बाकी व्याजासकट पुढे ओढली जाते आणि नकळत व्याजावर व्याज चढतं. ते ओळखायची एक सोपी खूण आहे. 3,500 च्या बिलावर 21 टक्क्यांनी महिन्याचं व्याज 61 रुपये 25 पैसे होतं. काहीच न भरणाऱ्या सभासदाचं मासिक व्याज दर महिन्याला नेमकं तेवढ्यानेच वाढायला हवं. ही वाढ महिन्यागणिक मोठी होत असेल, तर चक्रवाढ लागली आहे असं समजावं. अशा बिलावरचा सभासदाचा आक्षेप रास्त असतो, आणि ज्याला आपण बुडवा म्हणत होतो त्याचं म्हणणं बरोबर निघाल्यावर समितीच्या पुढच्या नोटिशीला कोण विचारणार? म्हणून परिपत्रक काढण्याआधी निदान मोठ्या बाक्यांचं व्याज हाताने तपासून घ्यावं.

शिवाय परिपत्रकाला जावक क्रमांक आणि तारीख द्यावी, त्याची प्रत फाइलला लावावी. उपनिबंधकांपुढे बिलं, पोच असलेल्या नोटिसा, खातेउतारा आणि समितीचा ठराव मांडावा लागतो. लाल वर्तुळाच्या यादीचा तिथे काही उपयोग नाही.