भजनं संपली, झोप परतली नाही

समजा, कुडाळजवळच्या एका घरात तिशीतला मुलगा आहे. स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या घेऊन दोन वर्षं बरा आहे. चतुर्थीला चाकरमानी आले, रात्री भजनांत गेल्या, दोन-चार गोळ्या चुकल्या. गणपती गेले, तरी त्याची झोप परतली नाही. रात्री तीनला तो पडवीत फेऱ्या मारतो, सगळ्यांबरोबर जेवायला बसत नाही. मग एक दिवस म्हणतो, 'शेजारी माझ्याबद्दलच बोलतात.'

आजार उलटण्याआधीचे हे दिवस, बहुधा दोन-चार आठवडे. लक्षणांचा क्रम माणसागणिक वेगळा, पण एकाच माणसात बराचसा तोच. म्हणून मागच्या वेळी आधी काय बदललं होतं, ते आईने त्याच्यासोबत बसून वहीत लिहून ठेवावं.

एखादी जागरणाची रात्र म्हणजे आजार नव्हे. वहीतले दोन-तीन बदल सलग काही दिवस दिसले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावं. डोस आपल्या मनाने बदलू नये. संशयावर वाद नको. 'झोप होत नाही ना तुझी?' एवढं पुरे. देवाला गाऱ्हाणं घालायचं तर घाला, गोळी थांबवू नका. अपरात्री बोलायचं झालं तर टेलि-मानसचा मोफत क्रमांक १४४१६. जिवाला धोका वाटला तर थेट १०८.